बाकी

कोर्टाच्या कागदावर आपल्याला 'वादी' म्हणतात हे कळल्यावर शेवंतीआते दोन दिवस घुश्शात होती. "वाद तेनी घातल्यान नि वादी मी कशी?"

मी तिचा शेजारी. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. तारखेच्या दिवशी तिला देवबागहून मालवणला नेण्या-आणण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, त्यात महेशची होडी माडाच्या बुंध्यावर आपटून फुटली. इंजिन खाऱ्या पाण्यात गेलं. पर्यटकांना डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंड दाखवून चार पैसे मिळवणारा पोरगा, तो येऊन आतेच्या पडवीत बसला. रडला नाही, पण पुढ्यातला चहा तसाच ठेवला. आतेला तेवढं पुरलं. सुकी मासळी विकून जन्मभर जमवलेली ठेव तिने मोडली. १,८०,००० रुपये. बँकेतून आणलेली रक्कम जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्याच्या हातात दिली.

लिहून घेतलं नाही. भाऊ-वहिनी गेल्यावर ज्याला भरवून मोठा केला, त्याच्याकडून पावती मागायची?

महेशनेही सुरुवातीला नीट केलं. पर्यटकांचा हंगाम असला की महिन्याला तीन हजार आणून द्यायचा. पावसात नाही, तेव्हा होड्या बंद. मग त्याने होमस्टेच्या खोल्या बांधल्या, लग्न झालं, आणि हप्ता थांबला. आते विचारायला गेली तर सूनबाई दारातच म्हणाली, "कसले पैसे?" महेश आत होता. बाहेर आला नाही. माझ्या मते दावा त्या दिवशीच लागला, कागद नंतर झाले.

मालवणच्या वकीलबाई तरुण, पण बोलायला चोख. "पावती? चेक? मोबाइलवर मेसेज?" आतेचा फोन बटणांचा. पलीकडून बोलणारा कानाला लागला की झालं, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध.

"साक्षीदार?"

मी छाती पुढे केली. "गाठोडं घेऊन जाताना मी त्याला पाहिलंय."

"गाठोड्यात पैसे होते हे पाहिलंत?"

"ते आतेने सांगितलं."

"मग ती ऐकीव गोष्ट झाली, काका." एकतीस वर्षं मी लोकांची तिकिटं तपासली, आणि माझंच तिकीट या बाईने पहिल्या स्टॉपवर पंच केलं.

पासबुकात ३ जून २०२१ ला रक्कम काढल्याची नोंद होती. वकीलबाईंनी मान डोलावली, मग थांबल्या. "पैसे बँकेतून निघाले हे दिसतं. कुठे गेले ते दिसत नाही. आणि हातउसन्याला तीन वर्षांची मुदत असते. उशीर नको." मार्च २०२४ मध्ये दावा दाखल झाला.

महेशची कैफियत आली. पैसे घेतलेच नाहीत असं तो म्हणाला नाही. त्याच्या वकिलाने शहाणपणा केला होता: आतेने रक्कम मायेपोटी बक्षीस दिली, परतफेडीची बोली नव्हती, आणि प्रतिवादी आपल्या वृद्ध आतेला अधूनमधून आर्थिक मदत करत असे.

मी ते वाचून दाखवलं. आते तांदूळ निवडत होती. "मदत?" म्हणाली. सूप खाली ठेवलं. "मगे कॅलेंडरावर कित्या लिवी?"

आतेला सही करता येते, लिहिता येत नाही. म्हणून दुधाचा, रेशनचा, सगळा हिशेब तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर येणारा-जाणारा लिहितो. दूधवाला स्वतःचं दूध स्वतः मांडतो, असा विश्वासाचा कारभार. महेश हप्ता दिला की त्या तारखेच्या चौकोनात टिपून ठेवायचा.

"खंय आसत ती कॅलेंडरां?"

ती माझ्याकडे बघत राहिली. जुन्या कॅलेंडरचं कोकणातल्या घरात काय होतं हे मी विचारायला नको होतं. पानं सुकट बांधायला गेली, फळीवर अंथरली, चुलीत घातली. आम्ही तीन संध्याकाळी शोधलं. वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी उचलली तेव्हा तिच्या बुडाखाली जानेवारी २०२३ चं पान सापडलं. मध्यभागी तेलाचं गोल खळं, मोहरीचा एक दाणा चिकटलेला. खळ्याच्या बाहेर, १५ तारखेच्या चौकोनात निळ्या पेनाने: 'आतेक ३००० दिले. बाकी १,४७,०००.' शेजारच्या चौकोनात 'दूध दीड'.

ते पान कोर्टात गेलं. वर लाल शाईने निशाणी क्रमांक पडला. आतेने वकीलबाईंना बजावलं, "दुधाचा पण त्येच्यातच हा हां. तां पुसू नकात."

तिची उलटतपासणी मी मागच्या बाकावरून ऐकली.

"रक्कम किती तारखेला दिलीत?"

"वादळ झाला त्येच्या मागसून. मिरगाच्या आदी."

समोरचे वकील हसले. "तारीख सांगा, आजी."

"तारीख बँकेच्या पुस्तकात हा. वाचा मां."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि लघुलेखकाला जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

"मी असं सुचवतो, की हे पैसे तुम्ही मायेने दिलेत."

आते लगेच बोलली नाही. कठड्याला धरलेल्या हाताची बोटं सुटली, पुन्हा धरली. "मायेनच दिलंय. परक्याक कोण देता? पण परत घेवच्या बोलीन दिलंय."

पुढच्या तारखेला महेश पिंजऱ्यात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, आतेकडे पाठ. वकीलबाईंनी पान त्याच्या हातात दिलं.

"अक्षर कुणाचं?"

तो बराच वेळ पाहत राहिला. नाकारलं असतं तर त्याला तिथंच लिहायला लावून ताडून पाहता आलं असतं, पण मला नाही वाटत तो त्याचा विचार करत होता. त्याने अंगठ्याने तेलाच्या डागाची कड चाचपली.

"माझंच."

"हे तीन हजार काय?"

"आतेला मदत."

"बरं. मदत करणाऱ्याची बाकी कशी राहते?"

त्याचे वकील उठले, हरकत घेऊन बसले. महेश काही बोलला नाही. पंखा तेवढा फिरत होता.

निकाल आतेच्या बाजूने लागला: १,४७,००० रुपये आणि दावा दाखल झाल्यापासून द.सा.द.शे. ६ टक्के व्याज. त्याने हप्ते मागितले, कोर्टाने दिले. आतेने लिपिकाला विचारलं, "माझा पान?" अपिलाची मुदत संपेपर्यंत मूळ कागद मिळत नाही, नंतर अर्ज करा, असं उत्तर आलं. "दूधवाल्याक काय सांगू?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या हप्त्याला महेश एकटाच आला. मी तेव्हा तिच्या पडवीत होतो, उठायला लागलो तर आतेने हाताने बसवलं. त्याने पाकीट पुढे केलं. तिने थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग खिळ्यावरचं कॅलेंडर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं, पेन दिलं आणि आत चहा ठेवायला गेली.

तो लिहीत होता. आतून तिचा आवाज आला.

"बाकी किती ती लिव. नि खाली सय कर, मेल्या."