बरणी एक, हात दोन घरांचे: मिरजेचा लाकडी घाणा आणि विश्रामबागची लोणची (सुधारित निवेदन)

नमस्कार.

आठ दिवसांपूर्वी दोन्ही दुकानांत आम्ही एक फलक लावला होता. ‘आमच्या घाण्याचं नवीन कैरीचं लोणचं’ असं त्यावर लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. लोणचं घाण्याचं नाही, ते विश्रामबागच्या लोणचेवाल्या ताईंचं आहे. तेल घाण्याचं आहे. शिवाय गिऱ्हाइकाला त्यातून काय मिळणार, याचा त्या फलकावर एक शब्दही नव्हता. तो फलक उतरवलाय. हे निवेदन दोघांनी मिळून लिहिलंय.

1 मेपासून विश्रामबागच्या कैरीच्या लोणच्यात बाजारच्या रिफाइंड तेलाऐवजी मिरजेच्या लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल असेल. बाकी पाककृती तीच.

घाण्याचं काम असं: दाणे निवडायचे, घाण्यात घालायचे, तेल काढायचं. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. ताज्या तेलात दाण्याचा बारीक भुगा आणि थोडा ओलावा असतो. तसंच तेल लोणच्यात गेलं तर गाळ बरणीच्या तळाशी बसतो आणि खाराला खवट वास येतो. म्हणून लोणच्याचं तेल सात दिवस स्टीलच्या टाकीत न हलवता ठेवतो, वरचं निवळ तेल दुहेरी कापडातून गाळतो आणि मगच विश्रामबागला पाठवतो.

तिथून पुढचं सगळं ताईंचं. कोय टणक झालेली गावरान कैरी अडकित्त्यानं फोडायची, फोडी पुसून मीठ-हळद लावायची, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट यांचा मसाला घरी कुटायचा. तेल तापवून फोडणी करतात आणि ती पूर्ण गार झाल्यावरच ओततात. गरम ओतली तर तिखट करपतं आणि फोडी मऊ पडतात. तेल असं तापवलेलं असल्यामुळे बरणीवर ‘कच्च्या घाणीचं’ असं आम्ही मुद्दाम लिहिलेलं नाही, ‘लाकडी घाण्याचं’ एवढंच लिहिलंय. लोणचं पंधरा दिवस मुरल्यावर विक्रीला येतं.

किंमत वाढली आहे, तीही सांगतो. 500 ग्रॅमची बरणी 245 रुपयांना होती, आता 260 ला मिळेल. एका बरणीत सुमारे 120 मिली तेल जातं. आधीचं तेल लिटरला 190 रुपयांनी पडायचं, घाण्याचा दर 340 आहे. त्या हिशेबानं बरणीमागे 18 रुपये वाढले असते. घाण्यानं लोणच्यासाठी 315 चा दर लावला, म्हणून 15 च वाढले. ताईंनी आपला नफा वाढवलेला नाही.

तुमच्यासाठी आणखी एक सोय. बरणी अर्धी झाली की फोडी तेलाच्या वर उघड्या पडतात आणि पावसाळी हवेत तिथेच बुरशी धरते. अशी बरणी दोन्हीपैकी कुठल्याही दुकानात आणा. तापवून गार केलेलं 50 मिली तेल एकदा फुकट घालून देऊ. तेल फोडींच्या वर बोटभर राहिलं पाहिजे. बरणीत ओला चमचा गेला असेल तर आणताना तसं सांगा, आधी वास आणि रंग पाहू, मगच तेल घालू. रिकामी काचेची बरणी झाकणासकट, धुऊन परत दिलीत तर पुढच्या बरणीवर 20 रुपये कमी.

शेंगदाण्याची ॲलर्जी घरात कुणाला असेल तर हे लोणचं घेऊ नका. लेबलवरही ते ठळक छापलंय.

लेबलवर ‘लोणचं: विश्रामबाग’ आणि ‘तेल: मिरजेचा लाकडी घाणा’ या दोन ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. लोणचं बनवणारे म्हणून पत्ता आणि परवाना क्रमांक ताईंचा आहे. तेलाच्या खेपेचा क्रमांकही छापलाय; घाण्यातून त्याच खेपेची बाटली घेतली तर तिच्यावर तोच क्रमांक सापडेल.

तक्रार कुठल्याही दुकानात द्या, इकडून तिकडे पाठवणार नाही. तेलाला वास असेल तर भरपाई घाण्याची, फोड मऊ किंवा मसाला बिघडलेला असेल तर ताईंची. ते आमचं आम्ही पाहू. तुम्हाला बरणी बदलून त्याच दिवशी मिळेल. बिल नसलं तरी चालेल, लेबल मात्र ठेवा.

दोन्ही धंदे पूर्वीसारखेच वेगळे आहेत. घाण्यावर करडई आणि तिळाचं तेल, विश्रामबागला लिंबाचं आणि मिरचीचं लोणचं नेहमीच्याच दरात मिळेल. त्या लोणच्यांत घाण्याचं तेल अजून नाही.

पहिल्या खेपेत 180 बरण्या आहेत, प्रत्येक दुकानात 90. एका घराला तीनच देऊ. दुकानं सकाळी 10 ते रात्री 8, सोमवारी बंद.

मिरजेचा लाकडी घाणा
विश्रामबागची लोणची