मैत्रीण आणा, पॉइंट्स मिळवा: स्टुडिओतल्या सगळ्यांसाठी

रिसेप्शन आणि सगळ्या नेल आर्टिस्ट,

येत्या 1 तारखेपासून आपली पॉइंट्सची योजना सुरू होतेय. खाली लिहिलंय तसंच क्लायंटना सांगायचं. मनाने सूट वाढवायची नाही, कमीही करायची नाही.

क्लायंट स्वतः आली की तिला 20 पॉइंट्स. तिने पाठवलेली मैत्रीण पहिल्यांदा आली आणि बिल भरून गेली की पाठवणारीला 100. तीच मैत्रीण 45 दिवसांच्या आत दुसऱ्यांदा आली की आणखी 150. मैत्रिणीला पहिल्या भेटीत दोन नखांवर नेल आर्ट मोफत.

दुसऱ्या भेटीला जास्त पॉइंट्स का, असं तुमच्यापैकी दोघींनी विचारलं. फुकट काहीतरी आहे म्हणून एकदा कुणीही येतं. जेल पॉलिश दोन-तीन आठवडे टिकतं, एक्स्टेन्शनचं रिफिलही साधारण तेवढ्याच दिवसांनी लागतं. नखं मुळाशी वाढलेली दिसायला लागल्यावर जी पुन्हा आपल्याकडेच येते, ती आपली क्लायंट. 45 दिवस ठेवलेत ते एखादी फेरी चुकली तरी पॉइंट्स हुकू नयेत म्हणून. शिवाय यामुळे पाठवणारीच मैत्रिणीला आठवण करून देईल, ते काम आपल्याला फोन करून करावं लागणार नाही.

पॉइंट्स वापरायचे असे: 100 ला दोन नखांवर नेल आर्ट किंवा दहाही नखांना क्रोम फिनिश. 250 ला आधीचं जेल काढून क्युटिकल केअर. 500 ला हातांचं पूर्ण जेल पॉलिश, पण फक्त मंगळवार ते गुरुवार, दुपारी 3 च्या आत. टिकून राहिलेल्या दोन मैत्रिणी म्हणजे एक जेल पॉलिश, इतकं सोपं सांगा.

एक्स्टेन्शन या यादीत मुद्दाम नाही. आपला खरा खर्च बाटलीतल्या रंगाचा नाही, खुर्ची अडते त्याचा आहे. दोन नखांवरची नक्षी चालू अपॉइंटमेंटमध्येच उरकते. फुकटचा पूर्ण सेट मात्र शनिवारी संध्याकाळी पैसे देणाऱ्या एका क्लायंटची वेळ खातो. आणि पॉइंट्सवर केलेल्या कामाचं कमिशन आर्टिस्टला नेहमीइतकंच मिळेल, योजनेचा भार तुमच्यावर नाही. त्यामुळे पॉइंट्सवाल्या क्लायंटचं फाइलिंग घाईत झालेलं मला दिसता कामा नये.

आता वाद होतात ते मुद्दे. मैत्रिणीने पाठवणारीचं नाव अपॉइंटमेंट घेतानाच किंवा फार तर बिलाआधी सांगायचं, नंतर आठवलं तर धरायचं नाही. दोघींनी नाव सांगितलं तर पॉइंट्स एकीलाच, मैत्रीण म्हणेल तिला. नुसतं जेल काढायला आलेली भेट मोजायची नाही. बहीण, आई, जाऊ चालतील. मोबाइल नंबर आधीपासून आपल्या नोंदीत असेल तर ती नवी नाही, मग शेवटची कधीही आलेली असो. पॉइंट्स शेवटच्या भेटीपासून 6 महिने चालतील. त्यांचे रोख पैसे मिळणार नाहीत, आणि ते दुसरीच्या नावावर करता येणार नाहीत.

कुणाकडूनही मैत्रिणींचे नंबर मागून घ्यायचे नाहीत. ज्या बाईने आपल्याला नंबर दिलेलाच नाही, तिला आपला मेसेज का जावा? क्लायंटने स्वतः पुढे पाठवायचा तो मेसेज असा:

“मी इथे नखं करून घेते, काम नीटनेटकं आहे. तू गेलीस तर अपॉइंटमेंट घेताना माझं नाव सांग, पहिल्या वेळी दोन नखांवर नेल आर्ट मोफत करून देतात. मलाही त्याचे पॉइंट्स मिळतात, हे आधीच सांगून ठेवते!”

शेवटचं वाक्य काढू नका. मैत्रिणीला ते नंतर कळलं तर उगाच खटकतं.

ऑनलाइन रिव्ह्यूसाठी पॉइंट्स द्यायचे नाहीत, कुणी मागितले तरी. गुगलला आमिष देऊन घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत, आणि पाच तारे विकत घेतलेले वाचणाऱ्यालाही कळतात.

सांगायचं कधी? काम संपून क्लायंट हाताचा फोटो काढत असते तेव्हा. दिव्याखाली हात असताना किंवा बिलावरून घासाघीस चालू असताना नाही. एकदाच सांगा, मेसेज तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि विषय सोडा. एखादीची तक्रार चालू असेल, जेल सुटून आलं असेल किंवा कातडीला खाज येतेय असं ती म्हणाली असेल, तर त्या दिवशी योजनेचं नावही काढू नका. खाज असेल तर काम थांबवून मला बोलवा.

नोंद रिसेप्शनच्याच वहीत होईल: मैत्रिणीचं नाव, पाठवणारीचं नाव, पहिल्या भेटीची तारीख, दुसरीची तारीख. 3 महिन्यांनी मी चौथा रकाना बघणार आहे. तो निम्म्याहून जास्त रिकामा निघाला, तर पहिल्या भेटीचे पॉइंट्स 50 वर आणू. तोवर जमलेले पॉइंट्स जसेच्या तसे राहतील, हे क्लायंटने विचारलं तर खात्रीने सांगा.