शेअरवाटप आणि मागे घेतलेला अर्ज: प्रश्न ४ व आदर्श उत्तर

कंपनी कायदा व करार कायदा · गुण १५ · वेळ २७ मिनिटे

दादरला राहणाऱ्या 'अ'ने नरिमन पॉइंटच्या 'ब' या असूचीबद्ध पब्लिक कंपनीकडे खासगी वाटपात ₹१०० दर्शनी किमतीच्या २,००० शेअर्ससाठी ३ जून २०२४ रोजी अर्ज केला. सोबत शेअरमागे ₹२५ म्हणजे ₹५०,००० बँकेमार्फत भरले आणि ते त्याच दिवशी जमा झाले. कंपनीच्या पत्रात "वाटप संचालक मंडळाच्या निर्णयावर अवलंबून राहील" असे वाक्य होते.

१८ जूनला 'अ'ने अर्ज मागे घेत असल्याचे पत्र स्पीड पोस्टाने धाडले. १९ जूनला सायंकाळी मंडळाने वाटपाचा ठराव केला. २० जूनला सकाळी १० वाजता वाटपपत्रांचा गठ्ठा शिपायाकडे टपालात टाकण्यासाठी दिला गेला. ११.१५ वाजता 'अ'चे पत्र आवक विभागात शिक्का मारून घेतले गेले आणि १२.१० वाजता कंपनी सचिवांनी ते वाचले. शिपायाने फोर्टच्या जीपीओत रजिस्टर केल्याची पावती दुपारी ३.४० ची आहे. कंपनीने 'अ'चे नाव सभासद नोंदवहीत घातले, पीएएस-३ विवरण दाखल केले आणि उरलेले ₹१,५०,००० मागितले.

(अ) 'अ' शेअरधारक झाली का? (८)
(आ) वाटपपत्र १० वाजताच टपालात पडून वाटेत गहाळ झाले असते तर? (३)
(इ) 'अ'ने कोणत्या उपायांनी दाद मागावी? (४)

आदर्श उत्तर

(अ) नाही. आधी प्रस्ताव कोणाचा ते ठरवा. कंपनीचे पत्र हे त्या एका वाक्यामुळे आमंत्रण ठरते. अर्ज हा 'अ'चा प्रस्ताव आणि वाटप ही त्याची स्वीकृती. हे न लिहिता थेट तारखांवर उडी मारली तर २ गुण जातात.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्तावकर्त्याविरुद्ध स्वीकृतीचे कळवणे पूर्ण होईपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो. ते केव्हा पूर्ण होते हे कलम ४ सांगते: स्वीकृती कळवण्याच्या मार्गाला लागून स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर जाते तेव्हा. उलट, प्रस्ताव मागे घेणे समोरच्याविरुद्ध पूर्ण होते ते त्याला कळल्यावर. म्हणून १८ जूनची स्पीड पोस्टाची पावती 'अ'ला एकटी वाचवत नाही. निम्मी मुले इथेच अडकतात. ठरवणाऱ्या वेळा दोनच: १२.१० आणि ३.४०.

१९ जूनचा ठराव मंडळाच्या इतिवृत्तातच राहिला. 'अ'ला न कळवलेला ठराव म्हणजे कंपनीची अंतर्गत तयारी, स्वीकृती नव्हे. राहिले १० वाजताचे. शिपाई कंपनीचाच माणूस. चर्चगेटपाशी चहाला थांबलेल्या त्याला एक फोन करून गठ्ठा परत आणवता आला असता. मग पत्र ताब्याबाहेर गेले कुठे? ते जीपीओच्या खिडकीवर गेले, ३.४० ला. लंडन अँड नॉर्दर्न बँक, एक्स पार्टे जोन्स (१९००) या खटल्याचे तथ्य जवळपास असेच: वाटपपत्रे ज्या पोस्टमनच्या हाती दिली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून ते टपालात टाकणे धरले गेले नाही आणि अर्ज वेळेत मागे घेतल्याचे ठरले. इंग्रजी निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण तर्क कलम ४ च्या शब्दांत चपखल बसतो.

पीएएस-३ किंवा नोंदवहीतली नोंद करार निर्माण करत नाही. ती केवळ झालेल्या वाटपाची नोंद. वाटपच झाले नाही तर नोंद चुकीची.

(आ) मग 'अ' बांधली गेली असती. १० वाजता स्वीकृती तिच्याविरुद्ध पूर्ण झाली आणि मागे घेण्याचे पत्र सव्वा तास उशिरा पोचले. गहाळ झाल्याने फरक पडत नाही: हाउसहोल्ड फायर इन्शुरन्स विरुद्ध ग्रँट (१८७९). मात्र पत्ता कंपनीने चुकीचा लिहिला असता तर हा बचाव कंपनीला टिकत नाही, हे एका ओळीत नोंदवणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत.

(इ) कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५९ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे नोंदवही दुरुस्तीचा अर्ज. सोबत जोडायचे: आवक शिक्क्याची पोच, स्पीड पोस्टचा वितरण अहवाल, आणि ज्या पाकिटातून वाटपपत्र आले ते पाकीट, कारण ३.४० ची वेळ त्यावरच्या रजिस्टर शिक्क्याशी पडताळता येते. दिरंगाई नको. मधल्या काळात 'अ'ने लाभांश घेतला किंवा सभेत मत दिले तर कंपनी तेच तिच्याविरुद्ध दाखवेल.

पैशांबाबत कलम ४२(६): पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत वाटप नाही तर पुढच्या १५ दिवसांत परतावा, नाहीतर साठावा दिवस संपल्यापासून वार्षिक १२ टक्के व्याज. इथे साठावा दिवस २ ऑगस्ट, परताव्याची शेवटची तारीख १७ ऑगस्ट २०२४. त्यानंतर ₹५०,००० वर दरमहा ₹५०० व्याज, मोजणी ३ ऑगस्टपासून. व्याजाची सुरुवात १८ ऑगस्ट धरणाऱ्याचा १ गुण कापावा.