शनिवारी भेटण्याआधी माझ्याबद्दल एवढं वाचून ठेवा

नमस्कार सर,

परवा फोनवर बोलणं घाईत झालं. व्यायामाचा प्लॅन बनवायच्या आधी सगळं लिहून पाठवा म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मेसेज लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा.

वय 47, उंची 156 सेंमी, वजन काल सकाळी 71 किलो. बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही.

आधी गुडघ्याबद्दल, कारण सगळं त्याच्यावरच अडतं. जुलै 2022 मध्ये स्टेशनच्या पुलाच्या ओल्या जिन्यावर घसरले आणि उजवा पाय मुरगळला. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला चीर निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, तीन महिने फिजिओथेरपी केली. आता सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालले तरी काही होत नाही. जिना चढताना त्रास नाही, उतरताना मात्र आतल्या बाजूला दुखतं, खास करून संध्याकाळी. मांडी घालून दहा मिनिटांच्या वर बसवत नाही, उकिडवं बसणं तर बंदच आहे. खुर्चीवर बसून हात न टेकता उठता येतं, त्याच्या खाली गेलं की दुखतं. गुडघा अडकत नाही, पाय मध्येच लुळा पडत नाही. जास्त झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सूज येते. म्हणजे व्यायाम करताना बरं वाटलं तरी खरा निकाल दुसऱ्या दिवशी कळतो. तेव्हा प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला कळवीन, आणि त्यावरून पुढचं ठरवू या.

डावा खांदा 2023 मध्ये आखडला होता, फ्रोझन शोल्डर. आता बराच सुटला आहे. हात समोरून पूर्ण वर जातो, पण मागे पाठीवर नेता येत नाही, आणि वजन घेऊन डोक्यावर उचललं की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. कंबर अधूनमधून धरते, पण पायात कळ किंवा मुंग्या नाहीत.

मागच्या महिन्यातले रिपोर्ट: हिमोग्लोबिन 10.4, एचबीए1सी 6.1. म्हणजे साखर अजून मधुमेहात गेलेली नाही, पण काठावर आहे. रक्तदाब ठीक. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी घेते, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. लोहाची गोळी तिच्यापासून लांब ठेवायला सांगितली आहे, ती रात्री घेते. पाळी आता अनियमित आहे आणि पहिले दोन दिवस रक्तस्राव खूप होतो. त्या दिवशी चक्कर आल्यासारखं होतं. मी तसं कळवलं की त्या दिवशी हलका व्यायाम द्या, सुट्टी नको. व्यायाम सुरू करायला आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आहे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी एका जिममध्ये नाव घातलं होतं. दुसऱ्याच दिवशी उड्या मारत लंजेस करायला लावले. गुडघ्याचं सांगितलं तर "सवय होईल" असं उत्तर मिळालं. आजूबाजूला सगळे करत होते म्हणून मीही केलं, आणि पंधरा दिवस लंगडत ऑफिसला गेले. पैसे गेले त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की दुखत असताना मी थांबले नाही. या वेळी मी थांबेन. मी थांबले तर तो आळस समजू नका.

वेळ. पाच दहाला उठते. पाच जणांचा स्वयंपाक, तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता. 8.12 ची फास्ट पकडते, सीएसएमटीला उतरून फोर्टपर्यंत चालत. परत घरात पाऊल टाकते तेव्हा पावणेआठ झालेले असतात. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार जिमला येणं जमणार नाही. उगीच हो म्हणून महिनाभरात बंद पाडायचं नाही मला. खात्रीने जमेल ते असं: रविवारी सकाळी एक तास, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते तेव्हा आणखी एक तास. बाकी मंगळवार आणि गुरुवारी रात्री साडेआठला घरीच 25 मिनिटं. त्या दोन दिवशी भात आणि कोशिंबीर मुलगी करणार आहे, तसं आमचं ठरलं आहे. घरी योगा मॅट, दोन-दोन किलोची डंबेल्सची जोडी आणि फिजिओने दिलेला हिरवा रबर बँड आहे. ट्रेनमध्ये उभं राहून टाचा उचलणं वगैरे काही करता येत असेल तर तेही सांगा, रोज दोन तास तिथेच जातात. मार्चचे शेवटचे दोन आठवडे मात्र काहीच धरू नका. मेमध्ये दहा दिवस मालवणला सासरी, तिथे चालणं भरपूर होतं.

खाणं जसं आहे तसं लिहिते. पावणेसातला साखरेचा चहा आणि दोन बिस्किटं. नाश्ता बहुतेक होतच नाही. अकराला ऑफिसात चहा. सव्वाला डबा: तीन पोळ्या, भाजी, आठवड्यातून दोनदा उसळ. साडेचारला पुन्हा चहा, आणि आठवड्यातून दोनदा तरी वडापाव. घरी येईपर्यंत भूक एवढी लागते की भाजी चिरताना चिवडा, फरसाण मुठीमुठीने जातं. माझी खरी अडचण तिथेच आहे. सव्वानऊला जेवण: भात, आमटी, पोळी, बुधवार, शुक्रवार, रविवारी मासे. अंडी चालतात. दुधाने पोट फुगतं, दही-ताक चालतं. संकष्टी आणि नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो, श्रावणात मासे-अंडी बंद. हे मी सोडणार नाही, पण साबुदाण्याऐवजी दुसरं काही सुचवलंत तर करीन. माझ्यासाठी वेगळं शिजवणं जमणार नाही. घरात शिजतं त्यातलंच काय वाढवायचं आणि काय कमी करायचं ते सांगा. पावडरचा डबा सध्या नको.

आता कशासाठी हे सगळं. माझं माहेर साताऱ्याकडचं. वडील बारा वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालले. ते गेल्यावर मी ठरवलं की निदान पुणे ते सासवड हा एक टप्पा तरी चालायचा. साधारण 30 किलोमीटर, आणि वडकीच्या पुढे दिवे घाट. या वर्षी निघाले होते. हडपसरच्या पुढे गुडघा सुजला आणि रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन पुढे जात होत्या, मी रिक्षात बसून परत आले. अजूनही ते आठवलं की गळा दाटतो.

पुढच्या आषाढीच्या वारीला सात महिन्यांहून जास्त वेळ आहे. घाटाच्या चढाची मला भीती नाही. डांबरावर आठ-नऊ तास सलग पाय टाकत राहायचे आहेत, गर्दीत, पावसात, घाट लागायच्या आधीच वीसेक किलोमीटर झालेले असताना. त्यासाठी मांड्या आणि कंबर तयार करून द्या. चालण्याचं अंतर कधी, किती वाढवायचं तेही तुम्हीच ठरवा. वजन पाच-सहा किलो उतरलं तर गुडघ्याला बरंच, पण दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका. महिन्यातून एकदा पुरे.

व्यायाम करताना काही चुकलं तर आधी तोंडाने सांगा, हात लावून दाखवायचं असेल तर विचारून लावा.

या शनिवारी सात वाजता येते. एमआरआयचा रिपोर्ट आणि फिजिओने दिलेल्या व्यायामांचा कागद बरोबर आणीन. चालण्याचे बूट चार वर्षं जुने आहेत, तेही घालूनच येते. नवे घ्यावे लागतील का ते बघून सांगा.

वैशाली