तज्ज्ञाचा तांत्रिक अभिप्राय: नव्या घरातील भेगा, गळती व बाल्कनी

नेमणूक दोन्ही पक्षांच्या संमतीने. पाहणी दोनदा, सात आठवड्यांच्या अंतराने; दोन्ही वेळी घरमालक व ठेकेदार हजर. घर दुमजली, आरसीसी सांगाड्याचे, ताबा घेऊन चौदा महिने झालेले.

१. भिंतींवरील भेगा
पाया खचला, हे मालकांचे म्हणणे. पहिल्या पाहणीत चार भेगांवर काचेच्या पट्ट्या जिप्सममध्ये बसवल्या होत्या. सात आठवड्यांनी एकही तडकलेली नाही. पाण्याच्या नळीने जोत्याची पातळी तपासली. सर्वांत मोठा फरक ४ मिमी, तो बांधतानाचाच असावा. दारे चौकटीत अडकत नाहीत. भेगा कॉलम व विटांच्या सांध्यावर सरळ उभ्या, बीमखाली आडव्या, रुंदी ०.३ ते ०.८ मिमी. पाया खचला असता तर त्या तिरक्या व एका टोकाला रुंद होत गेल्या असत्या. हॉलमधील प्लास्टर एक हात लांब फोडून पाहिले, सांध्यावर भेगा रोखणारी जाळी नाही. जाळी मारल्याचे ठेकेदार सांगतात. निदान फोडलेल्या जागी तरी ती सापडली नाही.
भेगा दिसायला वाईट, घराला धोका नाही. दुरुस्ती ठेकेदाराची: सांध्यावरील प्लास्टर काढून जाळी लावून पुन्हा करावे.

२. गच्चीची गळती
सर्वांत गंभीर बाब हीच. गच्चीवर ५० मिमी पाणी रंग घालून ७२ तास साठवले. एकोणिसाव्या तासाला मागच्या खोलीच्या छतावर, पॅरापेटच्या कोपऱ्यात, रंगीत ओल उमटली. तिथे उघडून पाहता कोबा पॅरापेटला काटकोनात टेकलेला, गोलाई नाही, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर चढवलेलाच नाही. शिवाय पाऊसपाण्याच्या पाइपचे तोंड शेजारच्या कोब्यापेक्षा १२ मिमी उंच. उतार असूनही पाणी निघणार कुठून?
जिन्यावरील गळती मात्र वेगळी. ताब्यानंतर मालकांनी सौर पाणीतापकाच्या स्टँडसाठी बोल्ट ठोकले, त्यांनी वॉटरप्रूफिंगचा थर भेदला. रंग तिथेच उतरला. ही दुरुस्ती मालकांच्या खर्चाने.

३. बाल्कनी
ही तक्रार अर्जात नव्हती, पण दिसलेले झाकणे योग्य नाही. स्लॅबच्या वरच्या सळयांवरील काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, ३८ ते ४४ मिमी भरते. नकाशात २० मिमी आहे. ओतकामात सळया तुडवल्या जाऊन खाली बसल्या, असे माझे मत. बाहेर झेपावलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, सळई खाली गेली की भार पेलण्याची ताकद घटते. भेग अद्याप नाही. तरीही संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष मापांवर फेरहिशेब करेपर्यंत बाल्कनीत कुंड्या, टाकी वा गर्दी नको. फेरहिशेबाचा व लागल्यास मजबुतीकरणाचा खर्च ठेकेदाराचा.

कामाचा क्रम: आधी फेरहिशेब, मग गच्ची, छत पूर्ण वाळल्यावर प्लास्टर. गच्चीची पाणी-चाचणी पुन्हा दोघांसमोर घ्यावी.