विषय: ४ ते १५ मे रजा हवी आहे (गावच्या घराचा स्लॅब)

नमस्कार सर,

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत थोडं बोललो होतो, पण मेलवर असलेलं बरं म्हणून लिहितोय. मला सोमवार ४ मे ते शुक्रवार १५ मे रजा पाहिजे, म्हणजे कामाचे १० दिवस. माझ्या खात्यात १७ अर्न्ड लीव्ह शिल्लक आहेत, त्यातूनच टाकेन. १ मेला सुट्टीच आहे म्हणून ३० एप्रिलला संध्याकाळी ऑफिस संपलं की रात्रीच्या गाडीने संगमेश्वरला निघेन आणि सोमवारी १८ तारखेला जागेवर हजर.

कारण घराचं. माजघर आणि स्वयंपाकघरावरची कौलं गेल्या पावसात इतकी गळली की आईने चुलीवर छत्री धरून भाकऱ्या केल्यात, वासे उतरवून बघितले तर वाळवीने आतून पोकळ. त्यामुळे आता तेवढ्या भागावर स्लॅबच टाकायचा ठरलाय. चिऱ्याच्या भिंती या महिन्यात लिंटेलपर्यंत वर घेतल्या जातील, तिथे मी नसलो तरी चालेल, अप्पा आहेत. आई-अप्पा सध्या काकांकडे राहतायत.

पण स्लॅबला मला स्वतः थांबायचंय. २०१९ ला मागचं न्हाणीघर केलं तेव्हा मी इथूनच फोनवर "हो करा, हो करा" करत होतो, कव्हर ब्लॉक टाकलेच नाहीत, सळया सेंटरिंगच्या प्लायला टेकलेल्या तशाच ठेवून माल ओतला, आता खालून गंजलेली सळई दिसते आणि प्लास्टर गळून पडतंय. अप्पा ७१ चे, ते शिडी चढून सळईतलं अंतर मोजणार नाहीत आणि मिस्त्रीला उलट बोलणं तर त्यांच्या स्वभावातच नाही. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी मारतात, त्यावर तर कुणीतरी डोक्यावर उभंच राहावं लागतं.

कॉन्ट्रॅक्टरने दिलेला हिशोब असा की ४ ते ८ मे सेंटरिंग, सळई आणि लाईटचे पाईप, शनिवारी ९ ला स्लॅब भरायचा, मग पाणी मारणं. सिमेंट पीपीसी आहे त्यामुळे निदान १० दिवस तरी स्लॅब ओला ठेवायला लागतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, म्हणजे टँकर ठरवणं, आळी करून पाणी साठवणं हेही बघायचंय. शेवटचे दोन-तीन दिवस काकांचा मुलगा सांभाळेल. सेंटरिंग १४ दिवसांनी, २३ तारखेला शनिवारी खोलतील, तेव्हा मी वीकेंडला जाऊन येईन, त्याला रजा नको.

तारीख मागेपुढे करता येईल का असं तुम्ही विचारालच म्हणून आधीच सांगतो. सेंटरिंगचं सामान २ मेपर्यंत दुसऱ्या साईटवर अडकलंय त्यामुळे आधी होत नाही, आणि पुढे ढकललं तर वळवाचा पाऊस, मग मृग तोंडावर, आणि घरावर ना कौलं ना स्लॅब.

आता इथलं काम. एप्रिलच्या टीडीएसचं चलन ७ मेच्या आत भरायचंय, त्याचं वर्किंग मी ३० एप्रिलला पूर्ण करून ठेवतो, स्नेहलला फक्त भरायचं राहील. खरी अडचण जीएसटीआर-१ ची, ती ११ ला आहे. सेल्स रजिस्टर आणि क्रेडिट नोटा ३० पर्यंत मी जुळवून देईन पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी डिस्पॅचवाले रात्रीपर्यंत बिलं काढतात, ती स्नेहलला ४-५ मेला टाकावी लागतील. तिच्याशी बोललोय, ती तयार आहे, मागच्या महिन्यातलं रिटर्न आम्ही एकत्र बसून परत एकदा बघणार आहोत. ३बी २० तारखेला, ते मी आल्यावर करतो. व्हेंडर पेमेंटच्या दोन्ही शुक्रवारच्या याद्या आधीच तुमच्याकडे सहीला ठेवेन.

लॅपटॉप नेतोय पण खोटं कशाला सांगू, घरात रेंज नाही, सड्यावर चढलं तर मिळते. रोज संध्याकाळी ७ च्या सुमारास वर जाऊन मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप बघेन. ९ तारखेला मात्र दिवसभर फोन लागेल असं धरून चालू नका. अगदीच अर्जंट असेल तर काकांच्या घरचा लँडलाईन नंबर स्नेहलकडे देऊन ठेवतो.

सेंटरिंगवाल्याला शुक्रवारी १० एप्रिलला ॲडव्हान्स द्यायचाय, दिला की तारीख पक्की. त्यामुळे गुरुवारपर्यंत हो-नाही कळवलंत तर बरं होईल. तुमचा होकार आला की सिस्टीमवर रजा टाकतो.

संदीप
अकाउंट्स
६ एप्रिल २०२६