‘तुकोबाराय म्हणतात’ नंतरचे वाक्य कोणाचे?
ठाणे–नवी मुंबईतील कीर्तन, प्रवचन आणि धम्मदेसना : एक लघुशोधप्रकल्प

आषाढ पौर्णिमेपासून मार्गशीर्षापर्यंत मी चार ध्वनिमुद्रणे केली. कळव्यातील एका हरिनाम सप्ताहातली दोन कीर्तने, नौपाड्यातील एका सभागृहात झालेले ज्ञानेश्वरीवरचे प्रवचन आणि ऐरोलीच्या एका बुद्धविहारात वर्षावासात झालेली धम्मदेसना. प्रत्येक ठिकाणी वक्त्याची आणि आयोजकांची परवानगी घेतली होती. नावे कोणाचीच देत नाही. चार नमुन्यांवरून टक्केवारी काढणे मला पटत नाही, म्हणून आकडेमोड केलेली नाही. त्याऐवजी प्रत्येक मुद्रण शब्दशः उतरवले. वक्ता कुठे थांबला, टाळ कुठे वाजले, कोण हसले, कोण उठून गेले, हेही लिहून ठेवले.

मूळ प्रश्न साधा होता. व्यासपीठावरचा माणूस ‘असे वागा’ म्हणतो आणि शे-दोनशे माणसे माना डोलावतात. हा अधिकार त्याला कोण देतो? मॅक्स वेबरने अधिकाराचे तीन आधार सांगितले आहेत : परंपरा, व्यक्तीचे तेज आणि नियमांनी बांधलेली व्यवस्था. कीर्तनकाराकडे पहिले दोन आहेत हे उघड आहे. तो नारदाच्या गादीवर उभा असतो, गळ्यात तुळशीची माळ असते आणि वयाने मोठी माणसेही त्याच्या पाया पडतात. पण मुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकताना लक्षात आले, की गादीने मिळालेला अधिकार पहिल्या दहा मिनिटांपुरता असतो. पुढचे दोन तास तो वाक्यावाक्याला कमवावा लागतो आणि तो कमावण्याचे साधन आहे मराठीचे व्याकरण.

कळव्याचे पहिले कीर्तन. इमारतींच्या मधल्या मैदानात मांडव, पुढे टाळकरी दोन रांगांत, उजवीकडे मृदंग, मागे विणेकरी. ‘रूप पाहता लोचनी’ झाले, गजर झाला आणि बुवांनी तुकाराम महाराजांचा अभंग घेतला : ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’. श्रोते बहुतेक सातारा, जुन्नर, कोकण या भागांतून येऊन कळव्यात स्थिरावलेले. घर घेतलेले, घराचे हप्ते भरणारे. पैसा नीट मार्गाने जोडा आणि त्यात न गुंतता खर्च करा, हा अभंग त्यांच्यासाठी नेमका निवडला होता. याच अभंगात पुढे ओळ येते : ‘शांतिरूपें नव्हे कोणाचा वाईट । वाढवी महत्व वडिलांचें’. तिथे बुवा जे बोलले ते मुद्रणात असे आहे :

‘तुकोबाराय काय म्हणतात? वाढवी महत्व... (टाळकरी : वडिलांचें!) वडिलांचें! आईबापाला गावाकडं ठेवलं, हितं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, गृहप्रवेशाला फोटोपुरतं बोलावलं. हे महत्व वाढवणं आहे का? आईबाप आधी घरात पाहिजे, मग देव्हारा पाहिजे. विठ्ठल विठ्ठल...’

मराठीत दुसऱ्याचे बोलणे सांगताना ते आपण सहसा ‘असं’ने मिटवतो. ‘मी उद्या येतो, असं तो म्हणाला.’ लिहिताना अवतरणचिन्हे असतात. बोलताना हा ‘असं’ आणि आवाजाचा उतार, एवढीच काय ती खूण. बुवांच्या बोलण्यात अवतरण ‘काय म्हणतात?’ या प्रश्नाने उघडते आणि मिटतच नाही. तुकोबांची ओळ संपते, आवाज त्याच उंचीवर राहतो आणि ‘आईबाप आधी घरात पाहिजे’ हे वाक्य तुकोबांच्याच तोंडून आल्यासारखे ऐकू येते. अर्व्हिंग गॉफमनने बोलणाऱ्याच्या तीन भूमिका वेगळ्या केल्या आहेत : शब्द उच्चारणारा, शब्द रचणारा आणि ज्याचे म्हणणे त्या शब्दांतून मांडले जाते तो. इथे उच्चार बुवांचा, पहिल्या ओळीची रचना तुकोबांची, पुढच्या वाक्यांची बुवांची. पण ते सगळे म्हणणे कोणाचे, याची सीमारेषा कुठेच ओढलेली नाही. संपूर्ण कीर्तनात ज्या ज्या जागी थेट उपदेश आला, त्या प्रत्येक जागी अवतरण असे उघडे राहिले आहे. निव्वळ अर्थ सांगताना, किंवा पुराणातली कथा सांगताना, मात्र बुवा ‘असं महाराज सांगतात’ म्हणून ते व्यवस्थित मिटवतात.

दुसरी गोष्ट ‘वडील’ या शब्दाची. जुन्या मराठीत वडील म्हणजे वडीलधारे, पूर्वज. आपल्या वागण्याने तो पूर्वजांचे नाव मोठे करतो, असा त्या ओळीचा रोख आहे. आजच्या बोलीत वडील म्हणजे बाप. बुवांनी शब्द तोच ठेवला, अर्थ आजचा घेतला, मग बापाला जोडून आई आणली आणि ओळ थेट ऐकणाऱ्याच्या घरात शिरली. याला मी फसवणूक म्हणत नाही. अभंग आठ-दहा पिढ्या ओलांडून जिवंत राहतो तो अशाच सरकण्यांमुळे. पण सरकलेला अर्थ मूळच्या ओळीच्या वजनाने ऐकला जातो, हे नोंदवणे संशोधकाचे काम आहे.

आता टाळकऱ्यांकडे बघू. चरणाचा पूर्वार्ध बुवा म्हणतात, उत्तरार्ध टाळकरी पूर्ण करतात. वरवर ही संगीताची सोय आहे. पण ज्याने स्वतःच्या तोंडाने ‘वडिलांचें’ म्हटले, तो पुढच्या वाक्याला नाही कसे म्हणणार? संमती आधी घेतली जाते आणि उपदेश नंतर येतो. टाळकऱ्यांमागे बसलेले श्रोतेही ओठांनी ती ओळ पुरी करत होते. माझ्या मुद्रणात ते पुटपुटणे स्पष्ट येते.

सर्वनामांचा खेळही असाच बारीक आहे. संतांविषयी बोलताना ‘आपण’ : ‘आपण कोण त्यांची बरोबरी करणार’. दोष दाखवताना ‘तू’, पण तो ‘तू’ समोरचा कोणी नसतो, दृष्टांतातला कुठलासा ‘अरे बाबा’ असतो. सकाळची कल्याणवरून येणारी फास्ट लोकल, दारात लोंबकळणारा माणूस, ‘अरे बाबा, ही गाडी सुटली तर दुसरी येईल, आयुष्याची गाडी सुटली तर?’ मांडव हसला, कारण तो ‘तू’ प्रत्येकाने शेजाऱ्यावर ढकलला. ‘तुम्ही’ मात्र बुवांनी फार जपून वापरले. एकदाच जपले नाही आणि तीच जागा मला सगळ्यांत बोलकी वाटते.

‘सुनांनो, तुम्हाला सांगतो,’ असे म्हणून त्यांनी सासूला न विचारणाऱ्या सुनांवर बोलायला सुरुवात केली. आधी अभंग नाही, प्रमाण नाही. थेट ‘तुम्ही’. मांडवाच्या डाव्या बाजूला बायका बसल्या होत्या. तिथली हालचाल थांबली. कोणी हसले नाही, कोणी मान हलवली नाही. एक बाई उठून लेकराला घेऊन मागे गेली. माझ्या शेजारच्या आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मला हितं सुनेनंच आणलंय की.’ हे वाक्य मुद्रणात नाही, माझ्या वहीत आहे. बुवांनी तीन-चार वाक्ये रेटली, मग हात वर केला, मृदंगावर थाप पडली आणि ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर सुरू झाला. गजर संपल्यावर तो विषय पुन्हा आला नाही. गजर ही भक्तीची जागा आहेच, पण ती सांधाही आहे. घसरलेला वक्ता तिथून परत वाटेवर येतो. श्रोत्यांनी अधिकार कसा नाकारला याचा एवढा स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही. बायकांनी एक शब्दही न बोलता तो नाकारला.

नौपाड्याच्या प्रवचनाबद्दल थोडक्यात. प्रवचनकार बसून बोलत होते. टाळ नाहीत, गजर नाही, श्रोते बहुतेक निवृत्त, बऱ्याच जणांच्या मांडीवर सार्थ ज्ञानेश्वरी उघडी. इथे अधिकार नम्रतेतून येतो आणि त्याचा वस्तुपाठ ज्ञानेश्वरीतच आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे’ अशी प्रतिज्ञा येते आणि लगेच पुढच्या ओवीत ‘परी प्रौढी न बोलें हो जी । तुम्हां सर्वज्ञांच्या समाजीं’. आधी मोठे वचन, मग एक पाऊल मागे. प्रवचनकारांनी ही चाल पुरती आत्मसात केलेली आहे. ‘मी काय सांगणार, तुम्ही सगळे अभ्यासू’ म्हटल्यावर पुढची पंधरा मिनिटे कोणी हरकत घेणे शक्यच नसते. एका गृहस्थांनी ओवीचा पाठभेद सुचवला, तेव्हा प्रवचनकारांनी तो आनंदाने मान्य केला आणि पुढे गेले. अर्थावर कोणी बोलले नाही.

ऐरोलीत मला माझेच निष्कर्ष तपासावे लागले. त्रिशरण-पंचशील झाले. इथेही श्रोते वक्त्यामागून शब्द उच्चारतात, म्हणजे संमतीची ती आधीची पायरी इथेही आहे. पण देसना सुरू झाल्यावर भंतेजींचे अवतरण मिटलेले होते. ‘१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली दारूची प्रतिज्ञा आपण घेतली, असं आपण म्हणतो. पाळतो का, ते माझं म्हणणं आहे, बाबासाहेबांच्या तोंडी घालू नका.’ तारीख, गाव आणि मग ‘माझं म्हणणं’. पुढे त्यांनी कालामसुत्त घेतले : परंपरेने आले म्हणून किंवा हा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ‘मलाही तपासा,’ म्हणाले. देसना संपल्यावर ‘साधु, साधु, साधु’ झाले आणि बारावीतल्या एका मुलीने उठून विचारले, ‘भंतेजी, तपासायचं म्हणजे नक्की कुणाला विचारायचं?’ त्यांनी तिला उत्तर द्यायला जितका वेळ घेतला तितका देसनेतल्या कुठल्याच मुद्द्याला घेतला नव्हता. कळव्यात प्रश्नाला जागाच नव्हती. शेवटचा गजर, आरती आणि पंगत.

यावरून एक परंपरा मोकळी आणि दुसरी बंद असे मला म्हणायचे नाही. गाडगेबाबा कीर्तनातच श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेत, हे महाराष्ट्राला माहीत आहे. कीर्तनाच्या घडणीत प्रश्नाला मज्जाव नाही. कळव्यातल्या त्या रात्री तो नव्हता, एवढेच माझी सामग्री सांगते. देसनेतही जिथे भंतेजी सणावारांवर बोलले तिथे अवतरण दोनदा उघडे राहिले आहे.

मसुदा तयार झाल्यावर कळव्याच्या बुवांकडे गेलो आणि उतरवलेला भाग त्यांना वाचून दाखवला. मला वाटले होते, रागावतील. त्यांनी मुद्रण लावायला सांगितले, डोळे मिटून ऐकले. ‘वडिलांचें’ वर टाळ पडले तसा त्यांनी गुडघ्यावर ताल धरला. मग म्हणाले, ‘तिथं असं म्हणून थांबलो असतो तर ओळ तिथंच संपली असती. टाळकरी खाली बसले असते. मला ती ओळ घरात न्यायची होती.’ सुनांचा भाग आला तेव्हा त्यांनी हातानेच मुद्रण थांबवायला सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘तिथं माझ्याकडं प्रमाण नव्हतं. बायकांना ते आधी कळलं.’